साइन वेव्हमधून स्क्वेअर वेव्ह कशी बांधली जाते: कागदावर, कोडमध्ये आणि लॅबमध्ये

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत हमखास येणारं एक उत्तर आहे. स्क्वेअर वेव्हची फूरिए सिरीज काढा म्हटलं की बहुतेक जण न अडखळता लिहितात:

```
f(t) = (4/π) [ sin ωt + (1/3) sin 3ωt + (1/5) sin 5ωt + ... ]
```

मार्क मिळतात. पण यातला एक तृतीयांश कुठून आला, सम हार्मोनिक का गळाले, सुरुवातीला ४/π का लागतं, असं विचारलं की उत्तर येतं, "इंटिग्रेशन केल्यावर तसं येतं." इंटिग्रेशन बरोबरच असतं, पण आत नेमकं काय घडतं ते त्यातून दिसत नाही. ते डोळ्यांना दिसावं आणि पुढे डीएसओच्या पडद्यावर तेच आकडे ओळखता यावेत, एवढ्यासाठी हा लेख आहे. सोबत कागद-पेन्सिल ठेवा, कारण मधल्या दोन आकृत्या तुम्ही स्वतः काढायच्या आहेत.

सिग्नल ठरवून घेऊ

आपली स्क्वेअर वेव्ह अर्धा पिरियड +१ वर असते आणि उरलेला अर्धा पिरियड −१ वर. पिरियड T, म्हणजे ω = 2π/T. सोयीसाठी t = 0 ला ती खालून वर उडी घेते असं धरू. तशी धरली की ती ऑड फंक्शन होते आणि कोसाइनच्या टर्म्स येतच नाहीत. वरचा आणि खालचा भाग सारखाच असल्याने सरासरी शून्य, म्हणून डीसी टर्मही नाही. उरतात फक्त साइन.

t = 0 दुसरीकडे धरलं तर काय होईल? समजा, वरच्या सपाट भागाच्या बरोबर मध्यावर धरलं. मग सगळ्या साइनच्या जागी कोसाइन येतील आणि त्यांची चिन्हं आलटून पालटून अधिक-उणे होतील. प्रत्येक हार्मोनिकचं माप मात्र तेच राहील. हे लक्षात असू द्या, कारण डीएसओचा ट्रिगर सरकवला की वेव्ह पडद्यावर डावी-उजवीकडे जाते, पण स्पेक्ट्रममधल्या रेघांची उंची हलत नाही. त्याचं कारण हेच.

एखादी साइन किती आहे हे मोजायचं कसं

फूरिएने ही कल्पना उष्णतेच्या प्रवाहावर काम करताना १८०७ मध्ये मांडली तेव्हा लाग्रांजसारख्या गणितज्ञाने तिला हरकत घेतली होती. कोपरे आणि उड्या असलेला आकार गुळगुळीत साइनच्या बेरजेतून कसा येईल, हा प्रश्न तेव्हाही खरा होता आणि आजही खरा आहे. त्याचं उत्तर पुढे येईल. आधी मोजमाप.

दोन वेगवेगळ्या हार्मोनिक साइन एकमेकींनी गुणल्या आणि पूर्ण पिरियडवर सरासरी काढली तर उत्तर शून्य येतं. sin 3ωt × sin 5ωt घ्या किंवा sin ωt × sin 2ωt घ्या, दरवेळी शून्यच. साइन स्वतःलाच गुणली तर मात्र सरासरी १/२ येते, कारण sin² हा ० आणि १ च्या मध्ये, १/२ भोवती समान हलतो. यालाच ऑर्थोगोनॅलिटी म्हणतात.

म्हणजे कोणत्याही सिग्नलमध्ये nवी हार्मोनिक किती आहे हे शोधायला सिग्नलला sin nωt ने गुणायचं आणि सरासरी काढायची. बाकी सगळ्या साइन शून्य होऊन गळून पडतात आणि हवी ती १/२ पट होऊन उरते. ती १/२ पट झालेली असल्याने शेवटी २ ने गुणायचं. पुस्तकातल्या सूत्रात 2/T दिसतं त्यातला २ हा असा आला आहे.

आता पेन्सिल घ्या

स्क्वेअर वेव्हला sin nωt ने गुणायचं म्हणजे पहिल्या अर्ध्या पिरियडमध्ये साइनला +१ ने गुणायचं, तिथे ती जशीच्या तशी राहील. दुसऱ्या अर्ध्यात −१ ने गुणायचं, तिथे ती उलटी होईल. विषम n साठी दुसरा अर्धा भाग उलटा केला की तो पहिल्यासारखाच दिसतो. म्हणून फक्त पहिला अर्धा पिरियड बघितला तरी पुरतं.

n = 1 साठी अर्ध्या पिरियडमध्ये साइनचा एकच वरचा फुगवटा बसतो. x = ωt धरलं तर ० ते π पर्यंत sin x खालचं क्षेत्रफळ २ आहे. रुंदी π, म्हणजे सरासरी 2/π. तिला २ ने गुणलं की 4/π, अर्थात १.२७३२. सूत्रातलं ४/π ते हेच.

पहिली आकृती n = 2 साठी काढा. अर्ध्या पिरियडमध्ये साइनचा एक पूर्ण फेरा बसतो, म्हणजे एक फुगवटा वर आणि एक खाली, दोन्ही सारखेच. बेरीज शून्य. दुसऱ्या अर्ध्यातही हेच. n = 4 ला दोन वर, दोन खाली, पुन्हा शून्य. सम हार्मोनिक गळतात ते असे.

दुसरी आकृती n = 3 ची. अर्ध्या पिरियडमध्ये तीन फुगवटे बसतात, वर, खाली, वर. पहिले दोन एकमेकांना खातात आणि तिसरा एकटा उरतो. या फुगवट्याची उंची तीच, पण रुंदी मूळच्या एक तृतीयांश. म्हणून क्षेत्रफळही एक तृतीयांश. n = 5 ला पाच फुगवटे, चार जोडीने जातात, एक उरतो, त्याची रुंदी एक पंचमांश.

एवढंच आहे सगळं. १/n म्हणजे जोडीदाराशिवाय उरलेल्या एका फुगवट्याची रुंदी. ही आकृती हाताने एकदा काढली की सूत्र पाठ करावं लागत नाही, आणि ड्यूटी सायकल बदलली तर काय होईल याचाही अंदाज लावता येतो, कारण मग ते फुगवटे जोडीने पूर्ण खोडले जाणार नाहीत. इंटिग्रेशनने तपासायचं असेल तर असं:

```
b_n = (4/T) ∫[0 → T/2] sin(nωt) dt = (2/nπ)(1 − cos nπ)
```

n सम असताना cos nπ = 1, म्हणून शून्य. n विषम असताना −1, म्हणून 4/nπ.

बेरीज करून बघू

पहिली चार मापं अशी येतात: १.२७३२, ०.४२४४, ०.२५४६, ०.१८१९. आता वरच्या सपाट भागाचा मध्य, म्हणजे t = T/4 घ्या. तिथे पहिली साइन +१ वर असते, तिसरी −१ वर, पाचवी पुन्हा +१ वर. एकेक टर्म मिळवत गेलं तर बेरीज १.२७३, मग ०.८४९, १.१०३, ०.९२२, १.०६३ अशी १ च्या वरखाली हेलकावत जाते आणि दरवेळी १ च्या जवळ येते.

बेरीज १ व्हायची असेल तर 1 − 1/3 + 1/5 − 1/7 + ... ही मालिका π/4 एवढी असायला हवी. ती तशी आहेच. लाइब्निट्झच्या नावाने आपण शिकतो ती ही मालिका केरळच्या गणित परंपरेत त्याच्या दोनेकशे वर्षं आधीपासून माहीत होती आणि तिचं श्रेय संगमग्रामच्या माधवाला दिलं जातं. म्हणजे स्क्वेअर वेव्हच्या माथ्याचा मधला बिंदू बरोबर १ वर येतो का, हे तपासलं की नकळत माधवाची मालिकाच तपासली जाते.

तिसऱ्या हार्मोनिकचं नेमकं काम काय तेही इथेच दिसतं. एकटी फंडामेंटल मध्यावर १.२७ पर्यंत चढते, म्हणजे तिथे जास्त आहे, आणि कडेला कमी आहे. तिसरी बरोबर मध्यावर उणे असते आणि दोन्ही कडांना अधिक. मध्य खाली दाबायचा आणि खांदे उचलायचे, असं दुहेरी काम ती करते. पाचवी हेच काम आणखी बारीक पट्ट्यांत करते.

कोड चालवा

```python
import numpy as np
import matplotlib.pyplot as plt

T = 1e-3
N = 5
t = np.linspace(-0.1*T, 1.1*T, 6001)
y = np.zeros_like(t)
for k in range(1, N + 1):
    n = 2*k - 1
    y += 4/np.pi * np.sin(2*np.pi*n*t/T) / n

print(y.max())
plt.plot(t*1000, y)
plt.grid()
plt.show()
```

N म्हणजे किती विषम टर्म्स घेतल्या ते. १, २, ३, ५, ५० असं बदलत जा आणि आकृतीसोबत छापून येणारी कमाल किंमतही लिहून ठेवा. ती १.२७३, १.२००, १.१८८, १.१८२, १.१७९ अशी येईल.

इथे बरेच जण थबकतात. टर्म्स वाढवल्यावर माथा सपाट होत जातो, उडी जास्त उभी होते, पण कडेजवळचं शिंग काही १.१७९ च्या खाली उतरत नाही. N = 5 ला शिंग आहे, N = 50 ला पण आहे, फक्त बारीक होऊन कडेला चिकटलं आहे. यालाच गिब्ज फेनॉमेनन म्हणतात. उडीची पूर्ण उंची २ आहे आणि शिंग ०.१७९ एवढं वर जातं, म्हणजे उडीच्या जवळपास ९ टक्के. उडी केवढीही असो, हे प्रमाण तेच राहतं.

कारण कोडमध्येच शोधता येतं. N टर्म्सच्या बेरजेचं पहिलं शिखर t = T/4N ला येतं. N दुप्पट केला की शिखर निम्म्या अंतरावर येतं, पण त्या वाढत्या झूममध्ये बघितलं तर आकार तोच असतो. म्हणजे कोणताही ठरावीक बिंदू घ्या, N वाढवत गेलं की शिंग त्याला ओलांडून कडेकडे निघून जातं आणि त्या बिंदूवरची बेरीज योग्य किमतीला येते. लाग्रांजच्या शंकेचं उत्तर इथे आहे. प्रत्येक बिंदूवर बेरीज जुळते, पण सगळ्या बिंदूंवर एकाच वेळी सारख्या जवळ कधीच येत नाही. ठीक उडीच्या क्षणी, t = 0 ला, प्रत्येक साइन शून्य असल्याने बेरीजही शून्य, म्हणजे −१ आणि +१ चा बरोबर मध्य.

हेन्री विल्ब्रॅहमने हे १८४८ मध्येच दाखवून दिलं होतं, पण ते विस्मरणात गेलं. पुढे मायकेलसन आणि स्ट्रॅटन यांनी ८० हार्मोनिक्स मिळवणारं स्प्रिंग आणि दातेरी चाकांचं यंत्र बनवलं आणि १८९८-९९ मध्ये 'नेचर'च्या पत्रांमधून या मालिकांच्या उड्यांवर वाद झाला. त्यात गिब्जने नेमकं काय होतं ते सांगितलं, आणि नाव त्याचं पडलं.

कोडमधला एक सापळा सांगतो. N = 2000 करून बघा. कमाल किंमत अचानक १.०५ च्या आसपास येईल आणि वाटेल, बघा, टर्म्स वाढवल्यावर शिंग गेलं. गेलेलं नाही. आपण बिंदू ०.२ मायक्रोसेकंद अंतरावर घेतले आहेत आणि शिखर ०.१२५ मायक्रोसेकंदावर आहे. ते दोन बिंदूंच्या मधल्या फटीत पडलं. ग्राफवर विश्वास ठेवण्याआधी T/4N काढा आणि तुमच्या बिंदूंमधलं अंतर त्याच्या निदान पाच-सहा पट लहान आहे ना, ते बघा.

लॅबमध्ये: फंक्शन जनरेटर आणि डीएसओ

जनरेटरवर १ किलोहर्ट्झ स्क्वेअर वेव्ह, ५ व्होल्ट पीक-टू-पीक, ऑफसेट शून्य लावा. ड्यूटी ५० टक्के आहे याची खात्री करा. प्रोब 10X वर ठेवा आणि चॅनलच्या मेनूतही 10X निवडा.

पहिली चूक इथेच होते. पडद्यावर ५ ऐवजी १० व्होल्ट दिसले तर जनरेटर बिघडलेला नाही. त्याचं आउटपुट सेटिंग ५० ओहम लोड धरून आहे आणि डीएसओ तर मेगाओहमचा आहे. सेटिंग High-Z करा.

आपली वेव्ह ±२.५ व्होल्टची आहे, म्हणून फंडामेंटलचं शिखर २.५ × १.२७३२ = ३.१८ व्होल्ट. मूळ वेव्हपेक्षा तिची फंडामेंटल उंच आहे याचं नवल वाटून घेऊ नका, वर कोडमध्ये तेच दिसलं. एफएफटीचा पडदा आरएमएसमध्ये dBV दाखवतो, म्हणून √2 ने भागून २.२५ व्होल्ट, म्हणजे ७.०५ dBV. तिसरी त्याच्या एक तृतीयांश, ९.५ डीबी खाली, −२.५ dBV. पाचवी १४ डीबी खाली, −६.९ dBV. सातवी १६.९ डीबी खाली. हे आकडे आधी वहीत लिहा, मगच मॅथ मेनूतून FFT लावा. आधी बघून मग हिशोब जुळवला तर चूक कळत नाही.

विंडो निवडताना उंची मोजायची असेल तर Flat Top घ्या. Hanning मध्ये रेघ दोन बिनच्या मध्ये पडली तर उंची १.४ डीबीपर्यंत कमी दिसू शकते. शेजारच्या दोन रेघा वेगळ्या ओळखायच्या असतील तेव्हा Hanning बरी. बिनमधलं अंतर म्हणजे १ भागिले रेकॉर्डचा कालावधी, त्यामुळे पडद्यावर १० मिलिसेकंदांचं रेकॉर्ड असेल तर बिन १०० हर्ट्झचे होतात. रेघा जाड दिसत असतील तर टाइमबेस हळू करून जास्त पिरियड आत घ्या.

टाइमबेस हळू करताना मात्र दुसरं संकट येतं आणि ते जास्त फसवं आहे. मेमरी ठरावीक असल्याने सॅम्पल रेट खाली जातो. समजा, तो २५ हजार सॅम्पल प्रतिसेकंद झाला. निम्मं, म्हणजे १२.५ किलोहर्ट्झच्या वरच्या हार्मोनिक आता दुमडून खाली येतात. १३ किलोहर्ट्झची रेघ १२ वर दिसते, १५ ची १० वर, २१ ची ४ वर आणि २३ ची थेट २ किलोहर्ट्झवर. सिद्धांताने जिथे काहीच नको, त्या सम जागांवर नीट रांगेत रेघा उभ्या राहतात. स्क्वेअर वेव्हच्या हार्मोनिक १/n नेच कमी होत असल्याने तेविसावीसुद्धा फंडामेंटलपेक्षा फक्त २७ डीबी खाली असते, ती सहज दिसते.

खरी रेघ आणि दुमडलेली रेघ ओळखायची युक्ती सोपी आहे. जनरेटरची फ्रिक्वेन्सी १.०० वरून १.०१ किलोहर्ट्झ करा. खरी दुसरी हार्मोनिक असेल तर २.०० वरून २.०२ वर, उजवीकडे जाईल. तेविसावी दुमडलेली असेल तर ती स्वतः २३.२३ वर गेली, म्हणून पडद्यावर २५ − २३.२३ = १.७७ वर दिसेल. रेघ डावीकडे पळाली, तेही एवढी लांब, की समजायचं ती तिथली नाहीच.

आरसी फिल्टरमधून सोडून बघा

साइन खरोखरच आत आहेत की ही नुसती हिशोबाची सोय आहे, हा प्रश्न चांगले विद्यार्थी विचारतात. त्याला माझं उत्तर ब्रेडबोर्डवरचं आहे. १० किलोओहम रेझिस्टर, ०.०१ मायक्रोफॅरड कपॅसिटर, आउटपुट कपॅसिटरवरून घ्यायचं. कटऑफ १.५९ किलोहर्ट्झ येतो. रेझिस्टर १० किलोओहम घेतला तो मुद्दाम, म्हणजे जनरेटरचे आतले ५० ओहम हिशोबात धरावे लागत नाहीत.

टाइम डोमेनमध्ये तुम्हाला ओळखीची चार्जिंग-डिस्चार्जिंगची वक्र रेघ दिसेल. ती विसरा आणि प्रत्येक साइनला वेगळी वागणूक द्या. १ किलोहर्ट्झला फिल्टरचा गेन ०.८४७, ३ ला ०.४६९, ५ ला ०.३०३. म्हणजे रेघा अनुक्रमे १.४, ६.६ आणि १०.४ डीबीने उतरायला हव्यात: ५.६, −९.१ आणि −१७.३ dBV. एफएफटी लावा, तसंच दिसतं. कपॅसिटरच्या टॉलरन्समुळे थोडा फरक पडेल. ०.०१ मायक्रोफॅरडचे साधे सिरॅमिक डिस्क बरेच इकडेतिकडे असतात, म्हणून जमल्यास एलसीआर मीटरवर मोजून घ्या आणि खरी किंमत हिशोबात धरा.

आकार का गोल झाला हे समजायला फेजही बघावी लागते. फंडामेंटल ३२ अंशांनी मागे पडते, म्हणजे ८९ मायक्रोसेकंद. तिसरी ६२ अंशांनी मागे, पण तिचा पिरियडच लहान असल्याने तो उशीर ५७ मायक्रोसेकंदच होतो. सगळ्या सारख्याच वेळाने मागे पडल्या असत्या तर रांग न मोडता वेव्ह नुसती उजवीकडे सरकली असती. इथे उशीर वेगवेगळा आहे, म्हणून उंची कमी होण्यासोबत आकार एका बाजूला कलतो. कोडमध्ये प्रत्येक टर्मला तिचा गेन आणि फेज लावून बेरीज केली तर डीएसओवरची चार्जिंगची वक्र रेघ हुबेहूब उमटते. एक्स्पोनेन्शियल कुठेही न लिहिता ती येते, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो.

कडेला दिसणारी थरथर गिब्जची आहे का?

डीएसओवर स्क्वेअर वेव्हच्या कडेला थरथर दिसली की "सर, गिब्ज!" असा आवाज येतो. बहुतेक वेळा तो गिब्ज नसतो. कडेच्या कोणत्या बाजूला थरथर आहे ते बघा. गिब्ज म्हणजे वरच्या हार्मोनिक एकदम कापल्याचा परिणाम, आणि तो उडीच्या आधी आणि नंतर, दोन्हीकडे सारखाच असतो. थरथर फक्त उडीनंतर असेल तर ते रिंगिंग. लांब ग्राउंड वायरचा इंडक्टन्स आणि प्रोबची कपॅसिटन्स यांचं ते काम असतं. मगरक्लिप काढून प्रोबसोबतची छोटी ग्राउंड स्प्रिंग लावली की ते बरंच कमी होतं. थरथर नसून कोपरा नुसताच वर आलेला किंवा दबलेला असेल, तर डीएसओच्या 1 kHz कॅलिब्रेशन पिनला प्रोब लावून त्याचा ट्रिमर सपाट माथा येईपर्यंत फिरवा.

उडीच्या आधीसुद्धा थरथर दिसली तर मात्र विचार करा. कोणतंही साधं सर्किट उडी यायच्या आधी हलू शकत नाही. मग ती पडद्यावर कुठून आली? डीएसओ सॅम्पलच्या मधली रेघ sin(x)/x इंटरपोलेशनने काढतो, आणि उडी सॅम्पलच्या अंतरापेक्षा वेगवान असेल तर खरंच गिब्जसारखी लहर दोन्ही बाजूंना उमटते. मेनूत इंटरपोलेशन Linear करा किंवा टाइमबेस वेगवान करून सॅम्पल रेट वाढवा. लहर गेली तर ती सिग्नलमध्ये नव्हतीच.

५५५ ची वेव्ह आणि दुसरी हार्मोनिक

आता कागदावरचं फुगवट्यांचं गणित एका खऱ्या सर्किटवर लावू. नेहमीच्या पद्धतीने जोडलेल्या ५५५ अस्टेबलमध्ये RA १ किलोओहम, RB १० किलोओहम आणि कपॅसिटर ०.०६८ मायक्रोफॅरड घ्या. फ्रिक्वेन्सी 1.44/((RA + 2RB)C) ने साधारण १००८ हर्ट्झ येते. पण कपॅसिटर भरतो दोन्ही रेझिस्टरमधून आणि रिकामा होतो एकट्या RB मधून, त्यामुळे ड्यूटी ११/२१, म्हणजे ५२.४ टक्के. या जोडणीत ती ५० ला कधीच पोचत नाही.

ड्यूटी D असेल तर nव्या हार्मोनिकचं माप sin(nπD)/n च्या प्रमाणात असतं. D = 1/2 घातलं की आपलं जुनं उत्तर मिळतं. दुसरी आणि पहिली यांचं गुणोत्तर काढलं तर ते सुटसुटीत होऊन |cos πD| एवढंच उरतं. D = 11/21 साठी ते ०.०७५, म्हणजे फंडामेंटलपेक्षा २२.५ डीबी खाली. २ किलोहर्ट्झच्या थोडं पुढे ही रेघ स्पष्ट दिसायला हवी. तिसरी मात्र जवळजवळ जागेवरच असते, ९.५ ऐवजी ९.७ डीबी खाली. ड्यूटीतली छोटी चूक विषम हार्मोनिकना फारशी लागत नाही, जिथे शून्य असायला हवं तिथेच ती उघडी पडते.

उलटाही उपयोग होतो. दुसरी रेघ १६.१ डीबी खाली मोजली गेली तर गुणोत्तर ०.१५६, म्हणून ड्यूटी ४५ किंवा ५५ टक्के. या दोहोंतली कोणती, हे रेघांच्या उंचीवरून सांगता येत नाही, त्यासाठी टाइम डोमेनमध्येच बघावं लागतं.

शेवटची पायरी अशी. ५५५ चं आउटपुट ७४७४ च्या क्लॉकला द्या, ७४७४ ला ५५५ चाच ५ व्होल्टचा सप्लाय द्या, Q̄ परत D ला जोडा, प्रीसेट आणि क्लिअर ५ व्होल्टला बांधा. फ्लिप-फ्लॉप फक्त चढत्या कडेला पलटतो, त्यामुळे ५५५ चा वरचा आणि खालचा वेळ असमान असला तरी Q चे दोन्ही अर्धे भाग सारखेच येतात. Q वर ५०४ हर्ट्झची वेव्ह मिळेल. तिची दुसरी हार्मोनिक १००८ हर्ट्झवर, म्हणजे ५५५ ची फंडामेंटल मघाशी जिथे होती त्याच जागी पडायला हवी. तिथे Flat Top लावून मोजा. नॉइज फ्लोअरच्या थोडी वर एक बारीक रेघ राहिली तर ती Q चं वर जाणं आणि खाली येणं यांना लागणाऱ्या वेळातल्या नॅनोसेकंदांच्या फरकाची असू शकते. रेघ मोठी असेल तर आधी ब्रेडबोर्डवरचा सप्लाय तपासा, कारण ५५५ पलटताना सप्लायमधून मोठा करंट ओढतो आणि त्याचे धक्के १००८ हर्ट्झनेच Q पर्यंत पोचतात. ५५५ च्या पायांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा आणि रेघ पुन्हा मोजा.